साध्या मजकुराची ईमेल फोनवर वेडीवाकडी का तुटते, आणि ती सरळ कशी पाठवायची

आमच्या सोसायटीचा सचिव झाल्यावर पहिली नोटीस मी घरच्या संगणकावरून ईमेलने पाठवली. पाण्याच्या टाकीची सफाई, एवढाच विषय. माझ्या पडद्यावर परिच्छेद छान चौकोनी दिसत होता. अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा फोन आला, "काका, नोटीस आहे की मुक्तछंद?" तिच्या फोनवर एक ओळ लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, पुन्हा एक आखूड असं काहीतरी दिसत होतं. दोष तिच्या फोनचा असणार असं मी गृहीत धरलं. तो माझ्याकडचा होता, हे कळायला दोन आठवडे गेले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

नोटिशीचा मजकूर तोच घेऊ. माझ्या प्रोग्रामने तो असा पाठवला होता:

```
सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ या
वेळेत टाकीची सफाई होणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. कृपया शनिवारी
रात्रीच पाणी भरून ठेवावे.
```

आणि तिच्या फोनवर तो असा उमटला:

```
सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी
सकाळी १० ते दुपारी ४ या
वेळेत टाकीची सफाई होणार असल्याने पाणीपुरवठा
बंद राहील. कृपया शनिवारी
रात्रीच पाणी भरून ठेवावे.
```

इथे ओळी दोनदा तुटल्या आहेत. "४ या" नंतर आणि "शनिवारी" नंतरची तोड मजकुरातच आहे. मी एंटर मारला नव्हता, पण पाठवताना माझ्या प्रोग्रामने तो गुपचूप मारला. ही पक्की तोड, म्हणजे हार्ड रॅप. "रविवारी" आणि "पाणीपुरवठा" नंतरची तोड फोनने केली, कारण त्याच्या रुंदीत पुढचा शब्द मावत नव्हता. ही कच्ची तोड, म्हणजे सॉफ्ट रॅप. ती मजकुरात नसते, फक्त पडद्यावर असते. फोन बिचारा पक्की तोड पुसू शकत नाही, कारण तो एंटर तुम्ही मुद्दाम मारला की प्रोग्रामने, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक लांब ओळीमागे एक शेपूट लटकतं.

पक्क्या तोडीची सवय जुन्या पडद्यांमुळे लागली. १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलवर एका ओळीत ८० अक्षरं मावत, आणि ८० हा आकडा त्याआधीच्या आयबीएमच्या पंचकार्डांपासून चालत आलेला. लांबलचक ओळ नीट मोडून दाखवणं ही तेव्हा वाचणाऱ्याच्या नव्हे, पाठवणाऱ्याच्या यंत्राची जबाबदारी होती. ईमेलचं मूळ स्वरूप ठरवणारं नियमपत्र, आरएफसी ५३२२, आजही सांगतं की एक ओळ ७८ अक्षरांच्या आत असावी, आणि ९९८ च्या वर तर जाऊच नये. बरेच प्रोग्राम ७२ किंवा ७६ वरच थांबतात, म्हणजे उत्तर देताना पुढे लागणाऱ्या `>` या खुणेला जागा उरते. रुंद पडद्यावर हे सगळं शोभून दिसायचं. हातातल्या फोनवर त्याचाच घोटाळा होतो.

काय काय लागेल

- ज्यावरून तुम्ही पाठवता तो संगणक आणि त्यावरचा ईमेल प्रोग्राम
- एक फोन, शक्यतो दुसऱ्या कोणाचा, ज्यावर वेगळं ईमेल ॲप आहे
- स्वतःचेच दोन ईमेल पत्ते, चाचणीसाठी
- वर्ड किंवा तसाच शोधा-आणि-बदला करू देणारा एखादा प्रोग्राम

१. आधी फोन आडवा धरा

सेटिंगला हात लावण्याआधी ओळ कोणी तोडली ते ठरवा. आलेली ईमेल फोनवर उघडा, फोन आडवा करा आणि बघा. ओळी नव्या रुंदीप्रमाणे पसरून कडेपर्यंत भरल्या, तर मजकुरात पक्की तोड नाही आणि काळजीचं कारण नाही. पण शेपटं नाहीशी होऊन ओळी एका ठरावीक जागीच थांबल्या आणि उजवीकडे जागा मोकळी राहिली, तर तोड पक्की आहे. संगणकावर हीच परीक्षा खिडकी अरुंद-रुंद करून घेता येते.

इथे मी स्वतः फसलो तो सापळा सांगतो. डेस्कटॉप आउटलुकमध्ये `Remove extra line breaks in plain text messages` अशी एक सोय आहे. ती चालू असली की आलेल्या साध्या मजकुरातल्या जादा वाटणाऱ्या ओळतोडी आउटलुक स्वतःच काढून दाखवतं, आणि वर बारीक अक्षरात तसं लिहितंही. मी चाचणीची ईमेल तिथेच उघडून पाहत होतो आणि दर वेळी सगळं ठीक दिसत होतं. वरची बारीक ओळ कोण वाचतो! तेव्हा परीक्षा फोनवरच घ्या.

२. मूळ रूप उघडून खात्री करा

जीमेलमध्ये ईमेलच्या तीन ठिपक्यांखाली `Show original` असतं, थंडरबर्डमध्ये `View` मेनूत `Message Source`. तिथे वरच्या भागात अशी ओळ शोधा:

```
Content-Type: text/plain; charset=UTF-8; format=flowed
```

`text/plain` म्हणजे साधा मजकूर. `text/html` असा दुसरा भागही, म्हणजे वेबपानासारखा रचलेला एचटीएमएल मजकूर, असेल, तर फोन बहुतेक वेळा तोच दाखवतो, आणि त्यात ओळी आपोआप वाहतात. शेवटचं `format=flowed` असेल किंवा नसेल. त्यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

मराठी मजकुराची एक अडचण इथेच भेटते. मूळ रूपात तुम्हाला देवनागरीऐवजी अगम्य रोमन अक्षरांचा ढीग दिसेल, कारण देवनागरी बऱ्याचदा बेस६४ मध्ये गुंडाळून पाठवली जाते. त्या ढिगाच्या ओळी ७६ अक्षरांवर तुटलेल्या असतात, पण त्या तोडीचा तुमच्या मजकुराशी काही संबंध नाही. उघडताना ती नाहीशी होते. ती बघून घाबरू नका. माझी युक्ती अशी, की चाचणीसाठी रोमन लिपीत तीन-चार वाक्यांचा एकच सलग परिच्छेद लिहायचा, कुठेही एंटर न मारता, आणि स्वतःला पाठवायचा. तो मूळ रूपात सहसा जसाच्या तसा वाचता येतो, आणि प्रोग्रामने एंटर कुठे घुसवले ते सरळ दिसतं.

३. पाठवणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग बदला

*जीमेल, ब्राउझरमधून.* नवीन ईमेल लिहिताना तळाच्या तीन ठिपक्यांत `Plain text mode` वर बरोबरची खूण आहे का पाहा. असेल तर काढा. या पद्धतीत जीमेल साधारण ७८ अक्षरांवर पक्की तोड घालतं आणि ती रुंदी बदलायची सोय देत नाही. एकदा केलेली खूण पुढच्या ईमेललाही तशीच राहते, त्यामुळे महिन्यापूर्वी चुकून केलेला क्लिक आज त्रास देत असू शकतो. खूण काढली की साध्या मजकुराबरोबर एचटीएमएल भागही जातो आणि फोनवर परिच्छेद नीट वाहतो. साध्याच मजकुराचा आग्रह नसेल तर तुमचं काम इथेच संपलं.

*डेस्कटॉप आउटलुक, जुनं म्हणजे क्लासिक.* `File`, मग `Options`, मग `Mail`, आणि बरंच खाली `Message format`. तिथे `Automatically wrap text at character` पुढे ७६ लिहिलेलं असतं. हा आकडा १३२ पर्यंतच वाढवता येतो. म्हणजे तोड जात नाही, फक्त पुढे सरकते. आणि आकडा फोनच्या मापाने ४० करण्याचा मोह टाळा. मी तो केला होता. मग संगणकावर वाचणाऱ्यांना नोटीस औषधाच्या चिठ्ठीसारखी अरुंद दिसायला लागली, आणि ज्यांनी फोनवर अक्षर मोठं करून ठेवलं होतं त्या आजोबांच्या पडद्यावर शेपटं होतीच. कोणताही एक आकडा सगळ्या पडद्यांना पुरत नाही. आउटलुकमध्ये नोटीस एचटीएमएल स्वरूपातच पाठवावी, या मतावर मी आलो आहे.

*थंडरबर्ड.* साधा मजकूर पाठवायचा असेल तर मला हा सगळ्यात समंजस वाटतो. `Settings` मध्ये `General` च्या तळाशी `Config Editor` उघडा आणि या दोन नोंदी तपासा:

```
mailnews.wraplength              72
mailnews.send_plaintext_flowed   true
```

दोन्ही मुळात अशाच असतात, पण कोणी जुन्या सल्ल्यावरून दुसरी `false` केलेली असू शकते. ती `true` असेल तर थंडरबर्ड ७२ वर ओळ तोडतं, पण तोडताना ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवतं. सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे.

४. ओळीच्या शेवटची ती मोकळी जागा

`format=flowed` ही पद्धत १९९९ मध्ये आली, आणि २००४ मधल्या आरएफसी ३६७६ मध्ये ती सुधारून मांडली गेली. नियम एका वाक्याचा आहे: ओळीच्या शेवटी मोकळी जागा असेल तर ही तोड कच्ची समजा आणि पुढची ओळ हिला जोडा, नसेल तर तोड पक्की समजा. मोकळी जागा दिसावी म्हणून खाली तिच्या जागी ठिपका दाखवला आहे:

```
सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ या·
वेळेत टाकीची सफाई होणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. कृपया शनिवारी·
रात्रीच पाणी भरून ठेवावे.
```

नियम जाणणारा फोन या तीन ओळी जोडून एक परिच्छेद करतो आणि आपल्या रुंदीने पुन्हा मोडतो. नियम न जाणणारा जुना प्रोग्राम तीन सरळ ओळी दाखवतो. कोणाचंच फार बिघडत नाही.

पण ही व्यवस्था नाजूक आहे. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा म्हणजे कचरा, असं मानणारे संपादक-प्रोग्राम बरेच आहेत. ते जतन करताना या जागा झाडून टाकतात. मग वरची सूचना `format=flowed` म्हणत राहते आणि आत एकही कच्ची तोड उरत नाही, म्हणजे आपण होतो तिथेच परत. उलटही होतं. पत्त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी सवयीने स्पेस दाबणारे लोक असतात, आणि त्यांचा चार ओळींचा पत्ता वाचणाऱ्याकडे एका ओळीत चिकटून पोचतो. शिवाय हा नियम सगळी ॲप पाळत नाहीत, म्हणून शेवटी फोनवर खात्री करायची ती करायचीच.

सहीच्या वर येणारी `-- ` ही खूण नियमाला ठरवून ठेवलेला अपवाद आहे. तिच्याही शेवटी मोकळी जागा असते, पण ती पुढच्या ओळीला जोडली जात नाही.

५. मराठीत अक्षरं कोण कशी मोजतं

इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे पडद्यावरही साधारण ७२ घरं. मराठीत तसं नाही, आणि आपल्या ओळी इंग्रजी ओळींपेक्षाही वेगळ्या जागी तुटतात त्या यामुळे. नोटिशीची पहिली ओळच मोजू. डोळ्यांना तिच्यात, शब्दांमधल्या जागा धरून, ४४ घरं दिसतात. संगणक मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे वेगळे मोजतो. "र्व" आपल्याला एक अक्षर, त्याला र, हलन्त आणि व अशी तीन. तसं मोजलं की ओळ ७१ ची होते. म्हणून ७२ वर तोडणारा प्रोग्राम तिथे थांबला, आणि मला वाटत राहिलं की याने ओळ अर्ध्यातच का सोडली.

काही साधनं तर अक्षरंही मोजत नाहीत, बाइट मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, मोकळी जागा १. त्या हिशेबाने हीच ओळ १८९ बाइटची. ७२ बाइटची मर्यादा पाळणारं साधन "सर्व सभासदांना कळविण्यात" इतकं झाल्यावरच ओळ तोडेल, कारण तिथे ६८ होतात आणि "येते" घेतलं की ८१. मराठी ईमेल संगणकावरसुद्धा तीन-तीन शब्दांच्या ओळींत दिसली, तर संशय इथेच घ्या. आणि साधन शब्द न पाहता नेमक्या बाइटवर कापणारं असेल, तर अक्षर मधोमध चिरलं जातं आणि त्या जागी `�` दिसतो.

याचमुळे "तोड पूर्ण बंद करून परिच्छेद एकाच लांब ओळीत पाठवू" हा उपाय मराठीत जपून करावा लागतो. ९९८ ची कमाल मर्यादा बाइटमध्ये धरली तर देवनागरीच्या साधारण ३३० खुणांतच ती भरते, म्हणजे पाच-सहा ओळींचा परिच्छेद. मजकूर बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल पद्धतीने गुंडाळलेला असेल तर चिंता नाही, कारण प्रवासात त्याच्या ओळी ७६ च्या आत असतात आणि पोचल्यावर मूळ लांब ओळ परत मिळते. मूळ रूपात `Content-Transfer-Encoding` पुढे काय लिहिलं आहे ते पाहा. तिथे `8bit` असेल तर लांब ओळी टाळा.

६. आधीच तुटून आलेला मजकूर जोडून घ्या

पाठवण्याची सेटिंग कितीही बरोबर असो, मजकूरच पीडीएफमधून किंवा जुन्या ईमेलमधून उचललेला असेल तर पक्क्या तोडी त्याच्याबरोबर येतात. व्हॉट्सॲपवर चिकटवला तरी पाठ सोडत नाहीत. हाताने एकेक एंटर पुसत बसू नका. वर्डमध्ये मजकूर चिकटवा, `Ctrl+H` दाबा आणि या क्रमानेच बदल करा:

1. `^l` शोधून `^p` करा. ईमेलमधून आलेल्या तोडी कधी या रूपात असतात, त्या एकसारख्या होतात.
2. `^p^p` शोधून `@@` करा. परिच्छेदांमधली खरी तोड यामुळे बाजूला जपली जाते.
3. `^p` शोधून एक मोकळी जागा करा. नको असलेल्या सगळ्या तोडी इथे जातात.
4. `@@` शोधून `^p^p` करा.
5. दोन मोकळ्या जागा शोधून एक करा.

दुसरी पायरी विसरलात तर अख्खी नोटीस एकाच परिच्छेदात गोळा होईल. तसं झालं तर `Ctrl+Z`. आणि मूळ मजकुरात परिच्छेदांमध्ये रिकामी ओळच नसेल, तर ही युक्ती चालणार नाही. आधी ती हाताने घालावी लागेल.

यादी, पत्ता, वेळापत्रक आणि कविता या चार गोष्टी जोडण्यातून वगळा. तिथली तोड लेखकाने मुद्दाम केलेली असते. नोटिशीखाली "अध्यक्ष / सचिव / खजिनदार" अशी तीन ओळींत नावं असतील तर ती वेगळी कापून ठेवा आणि शेवटी परत चिकटवा.

७. उत्तर देताना ओळ पुन्हा तुटते ती

हा भाग लोक सोडून देतात, पण खरा गैरसमज इथेच होतो. उत्तर देताना काही प्रोग्राम जुन्या प्रत्येक ओळीपुढे `> ` लावतात. आपली ७१ ची ओळ त्यामुळे ७३ ची झाली. पाठवताना ७२ ची मर्यादा पुन्हा लागली, आणि शेवटचा शब्द खाली पडला:

```
> सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४
या
> वेळेत टाकीची सफाई होणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. कृपया शनिवारी
> रात्रीच पाणी भरून ठेवावे.
```

त्या एकट्या "या" पुढे `>` नाही, म्हणून तो उत्तर देणाऱ्याचा शब्द ठरतो. आमच्या खजिनदारांनी तो आमंत्रण समजून "किती वाजता येऊ?" असं विचारलं होतं. आरएफसी ३६७६ मध्ये या प्रकाराला लाजिरवाणी ओळतोड अशाच अर्थाचं नाव दिलेलं आहे, म्हणजे फजिती आपल्या एकट्याची नाही. थंडरबर्डमध्ये उत्तर लिहिताना `Edit` मधलं `Rewrap` वापरलं की `>` सांभाळून ओळी पुन्हा भरल्या जातात. इतरत्र सरळ उपाय म्हणजे जुना मजकूर छाटणं. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच ठेवा, आणि एकटा पडलेला शब्द दिसला तर वरच्या ओळीला जोडून टाका.

८. पाठवण्याआधीची चाचणी

नोटीस आधी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा आणि फोनवर उभी आणि आडवी दोन्ही पाहा. मग फोनच्या सेटिंगमधून अक्षर एक पायरी मोठं करून पुन्हा पाहा. ५ मिनिटांचं काम आहे. शेपटं दिसली तर पायरी २ वर परत जा. तिथे `format=flowed` नसेल तर दोष पाठवणाऱ्या सेटिंगचा. असेल आणि तरी शेपटं असतील, तर ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा वाटेत कोणी झाडल्या का ते बघा, किंवा त्या फोनवरचं ॲप नियम पाळत नाही असं समजा. त्या दुसऱ्या शक्यतेवर पाठवणाऱ्याच्या हातात एकच उपाय उरतो, एचटीएमएल.

टाकीच्या सफाईची पुढची नोटीस मी तशीच पाठवली. तिसऱ्या मजल्यावरून या खेपेला फोन आला तो पाणी चारला येणार की पाचला, हे विचारायला.